खताच्या तक्त्याचा फोटो आणि एकरी गोण्या : हिशेब दरवर्षी कुठे चुकतो

नोव्हेंबर लागला की माझ्या फोनवर एकाच प्रकारचे फोटो यायला लागतात. कुठल्या तरी पुस्तिकेतला नाहीतर भिंतीवरचा खतांचा तक्ता, त्यावर बोटाची सावली, वरची कडा कापलेली, आणि खाली प्रश्न : "गव्हाला एकरी किती टाकू?" आमच्या शेतकरी गटाची खताची मागणी मी लिहितो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडेच येतो. उत्तर एका ओळीत देता येतं, पण ते दिलं तरी पुढच्या वर्षी तोच माणूस तोच फोटो पाठवतो आणि मधल्या काळात हिशेब पुन्हा चुकलेला असतो. म्हणून यंदा सगळं नीट लिहून ठेवतोय. उदाहरण बागायती, वेळेवर पेरलेल्या गव्हाचं घेतो. त्याची शिफारस आपल्याकडच्या बहुतेक तक्त्यांत १२०:६०:४० अशी असते.

या तीन आकड्यांत दोन गोष्टी दडलेल्या असतात. एक, ते हेक्टरी असतात, एकरी नव्हे. दोन, ते नत्र, स्फुरद आणि पालाश या अन्नद्रव्यांचे किलो असतात, गोणीतल्या खताचे नव्हेत. या दोन्ही गोष्टी सुटल्या तर काय होतं, ते आधी पाहू. चूक वर्षानुवर्षं का टिकते, ते तिथेच कळतं.

दोन चुका एकमेकींना झाकतात

आमचे नाना, म्हणजे माझे चुलते, कित्येक वर्षं तक्त्यातले आकडे सरळ खताचे समजून एकराला टाकत होते. १२० किलो युरिया, ६० किलो डीएपी, ४० किलो पोटॅश. हिशेब दोन ठिकाणी चुकलेला, पण गहू मात्र चांगला यायचा. मग चूक आहे हे त्यांना कोण आणि कसं पटवून देणार?

आकडे मांडले की उलगडा होतो. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणून १२० किलो युरियातून ५५ किलो नत्र मिळालं. ६० किलो डीएपीतून आणखी ११ किलो. एकूण ६६. एकराला खरी गरज ४८ किलोची. स्फुरद मिळालं साडेसत्तावीस, गरज २४. पालाश मिळालं २४, गरज १६. सगळंच जास्त पडलं, पण पीक हातचं जावं इतकं नाही. हेक्टरचा आकडा एकराला वापरला की मात्रा अडीचपट होते. अन्नद्रव्याचा आकडा युरियाचा किंवा डीएपीचा समजला की ती निम्म्याहून खाली येते, कारण दोन्हींत मुख्य घटक ४६ टक्के. एक चूक वर ओढते, दुसरी खाली, आणि बेरीज पीक सहन करील अशा जागी येऊन थांबते.

खरी पंचाईत होते यातली एकच चूक दुरुस्त केल्यावर. दोन वर्षांपूर्वी मी नानांना फोनवर सांगितलं, "नाना, तक्ता हेक्टरचा आहे, अडीचनं भागा." एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. चूक माझी होती, अर्धीच गोष्ट सांगितली. नानांनी भागलं : ४८, २४, १६. आणि ४८ किलो युरिया, २४ किलो डीएपी, १६ किलो पोटॅश आणून टाकलं. एकराला नत्र पडलं सव्वीस किलो, स्फुरद अकरा, पालाश साडेनऊ. म्हणजे गरजेच्या जेमतेम निम्मं. चाळिसाव्या दिवशी मी शेतात गेलो तेव्हा गव्हाची खालची पानं शेंड्याकडून पिवळी पडत आली होती आणि फुटवे बारीक होते. नाना फक्त एवढंच म्हणाले, "तुझ्या हिशेबापेक्षा माझा बरा होता रे." राहिलेल्या नत्राची भरपाई म्हणून आम्ही एकरी एक गोणी युरिया देऊन लगेच पाणी सोडलं. हिरवेपणा परत आला. स्फुरदाची भरपाई मात्र उभ्या पिकात होत नाही. ते मुळाजवळ मातीत, पेरणीच्या वेळीच जावं लागतं, वर फेकलं तर जिथल्या तिथे अडकून राहतं.

उलटी अर्धी दुरुस्तीही पाहिली आहे. गटातल्या एकानं टक्केवारीचा हिशेब अगदी बरोबर केला, पण एकर-हेक्टर पाहिलंच नाही. त्याचा आकडा आला १३० किलो डीएपी, २१० किलो युरिया आणि ६७ किलो पोटॅश, एका एकराला. त्यानं खरेदीपूर्वी विचारलं म्हणून वाचला. इतक्या नत्रावर गहू गडद हिरवा, लुसलुशीत आणि उंच वाढतो, मावा त्यावर लवकर येतो, आणि ओंबी भरल्यावर एका वाऱ्यात लोळतो.

थोडक्यात, हिशेब दुरुस्त करायचा तर दोन्ही पायऱ्या एकदम दुरुस्त करायच्या. आणखी एक सांगतो. नानांचा जुना हिशेब युरिया-डीएपीवर कसाबसा निभावला, पण डीएपी मिळालं नाही म्हणून त्याच ६० च्या जागी सिंगल सुपर फॉस्फेट घेतलं असतं तर तो कोसळला असता. सुपरमध्ये स्फुरद फक्त १६ टक्के. ६० किलोतून साडेनऊ किलो पडलं असतं, गरज २४ ची.

आधी फोटो तपासा, मग गणित

गणिताला हात लावण्यापूर्वी फोटोत मथळा आहे का ते पाहा. "कि.ग्रॅ./हे." किंवा "किलो प्रति हेक्टर" हे शब्द तक्त्याच्या अगदी वर नाहीतर अगदी खाली बारीक अक्षरात असतात, आणि फोटो काढणारा नेमका तोच भाग सोडतो. त्याला हवी असते फक्त गव्हाची ओळ. शक्य असेल तर पूर्ण पानाचा फोटो पुन्हा मागवा : पान सपाट, फोन पानाला समांतर, दिवसाच्या उजेडात. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलं की तो दाबला जातो आणि बारीक अक्षरं फुटतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

मथळा मिळालाच नाही, तर त्याच फोटोतली माहितीची दुसरी ओळ शोधा. बागायती गहू १२०:६०:४० आणि हरभरा २५:५०:३० असं दिसत असेल तर तक्ता हेक्टरचा. गव्हासमोर ४८:२४:१६ आणि हरभऱ्यासमोर १०:२०:१२ असेल तर तो कुणीतरी आधीच एकरात बदललेला आहे आणि त्याला पुन्हा अडीचनं भागायचं नाही. गव्हाची ओळ एकटी पाहून ठरवू नका, कारण तिथे एक फसवी जागा आहे. जिरायत गव्हाची हेक्टरी शिफारस ४०:२०:०० असते. ती बागायती गव्हाच्या एकरी आकड्याच्या इतकी जवळ आहे की ओळ एक घर खाली सरकली तरी "हां, एकरी दिलंय वाटतं" असं मन सांगतं आणि शंकाच येत नाही.

ओळ सरकणं ही फोटोची नेहमीची खोड. गव्हाला तक्त्यात दोन-तीन ओळी असतात : बागायती वेळेवर, बागायती उशिरा, जिरायत. 'गहू' हा शब्द तिन्हींच्या मधोमध एकदाच छापलेला असतो. फोटो जरा तिरका असला की डावीकडचं नाव एका ओळीचं आणि उजवीकडचे आकडे दुसऱ्या ओळीचे वाचले जातात. मी गॅलरीत फोटो उघडून पेनानं नावापासून आकड्यापर्यंत तक्त्याच्याच रेषेला समांतर रेघ मारतो. दहा सेकंदांचं काम आहे. पण ओळ कुठली हे आधी शेतकऱ्यानं ठरवावं लागतं. पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात होणार असेल तर वेळेवरची ओळ, त्यानंतर असेल तर उशिराची. कांदा किंवा सोयाबीन निघायला उशीर झाला आणि पेरणी डिसेंबरात गेली, तरी खतासाठी मात्र वेळेवरची ओळ धरली, असं बऱ्याचदा होतं.

फोटोवरून मजकूर उचलणारी सोय वापरत असाल तर उचललेला आकडा फोटोशी डोळ्यांनी ताडून पाहिल्याशिवाय वापरू नका. देवनागरी '१' आणि '९' अस्पष्ट छपाईत सारखे दिसतात, ९० चे १० होतात. '१२०:६०' मधल्या दोन टिंबांचा विसर्ग होतो. आणि उभ्या रेषा फिकट असल्या की सगळं नत्र एकाखाली एक, मग सगळं स्फुरद, असे आकडे बाहेर येतात. कुठला आकडा कोणत्या पिकाचा ते मग कळत नाही.

शेणखताचा स्तंभही बघून घ्या. तो टनांत किंवा गाड्यांत असतो आणि बहुधा नत्राच्या आधी येतो. तो पहिला आकडा धरून पुढचे दोन घेतले की नत्राच्या जागी शेणखत आणि स्फुरदाच्या जागी नत्र बसतं. मातीपरीक्षणाची पत्रिकाही कुणी कुणी तक्ता म्हणून पाठवतं. तिच्यावरचे 'उपलब्ध नत्र' वगैरे आकडेही किलो प्रति हेक्टरच असतात, पण ते जमिनीत असलेल्या साठ्याचे. ते खताची मात्रा नव्हेत.

आता गव्हाचा हिशेब, सगळा

१२०:६०:४० ला अडीचनं भागलं की एकरी ४८:२४:१६. काटेकोर भागाकार २.४७ चा आहे, पण फरक एका टक्क्याच्या आसपास पडतो. आपल्या हातानं फेकलेल्या खतात त्याहून जास्त इकडेतिकडे होतं, तेव्हा अडीच चालेल.

सुरुवात कायम डीएपीपासून करायची, युरियापासून नाही. डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद असतं, म्हणजे स्फुरद घेताना नत्र आपोआप येतं. युरिया आधी काढला की ते नत्र दोनदा मोजलं जातं. स्फुरद २४ किलो हवं, ०.४६ नं भागलं की ५२ किलो डीएपी. त्यातून नत्र आलं ९.४ किलो. ४८ मधून ते वजा केलं की उरलं ३८.६. त्याला ०.४६ नं भागलं की ८४ किलो युरिया. पालाश १६ किलो, म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ते ६० टक्के, म्हणून २७ किलो पोटॅश.

पण ८४ किलो युरिया एकदम टाकायचा नाही. गव्हाला अर्धं नत्र आणि पूर्ण स्फुरद-पालाश पेरणीला, उरलेलं अर्धं नत्र एकविसाव्या दिवसाच्या सुमाराला, मुकुटमुळं फुटतात त्या पाण्याच्या वेळी. अर्धं म्हणजे २४ किलो. पेरणीच्या २४ पैकी ९.४ डीएपीतून आलेलंच आहे, म्हणून पेरणीला युरिया फक्त ३२ किलो. उरलेला ५२ किलो पहिल्या पाण्याच्या वेळी. इथेही घोळ होतो. लोक ८४ चे दोन समान भाग करून ४२-४२ टाकतात. मग पेरणीला नत्र जास्त आणि फुटव्याच्या वेळी कमी पडतं. पेरणीचा युरिया बियाण्यात मिसळून एकाच चाड्यातून सोडू नका, उगवणीला इजा होते. दोन चाड्यांची पाभर त्यासाठीच असते.

आता गोण्या. डीएपी आणि पोटॅशची गोणी ५० किलोची, युरियाची मात्र ४५ ची. युरियाची गोणी पूर्वी ५० ची होती. ती बदलून बरीच वर्षं झाली, तरी बोलताना कितीतरी जण अजून ५० च धरतात. ५२ किलो डीएपीच्या जागी एक गोणी घ्या, दोन किलोंनं काही बिघडत नाही. युरिया दोन गोण्या, त्यातले सहा किलो उरतील. पोटॅश अर्धी गोणी आणि वर दोन किलो. पण शेतात टाकताना "दोन घमेली" असं मोजू नका. घमेलं एकदा ताणकाट्याला लावून त्यात युरिया किती आणि डीएपी किती बसतं ते वेगवेगळं पाहून घ्या. युरिया हलका असतो, त्याच घमेल्यात तो डीएपीपेक्षा बराच कमी भरतो.

डीएपी नाही मिळालं तर

हंगामात हे ठरलेलंच. दुकानात १२:३२:१६ मिळालं तर हिशेब सोपा आहे. २४ ला ०.३२ नं भागलं की ७५ किलो, म्हणजे दीड गोणी. त्यातून नत्र ९, पालाश १२ किलो येतं. उरलेल्या ४ किलो पालाशासाठी सात किलो पोटॅश, आणि नत्रासाठी ८५ किलो युरिया.

१०:२६:२६ ला मात्र थोडा विचार लागतो. सवयीनं स्फुरदावरून मोजलं तर ९२ किलो येतं, पण तेवढ्यातून पालाशही २४ किलो पडतं आणि गरज १६ चीच आहे. गहू त्यानं बिघडणार नाही, पैसे मात्र वाया जातात. म्हणून संयुक्त खताचा हिशेब करताना प्रत्येक घटकावरून वेगळा आकडा काढायचा आणि सगळ्यात लहान आकडा धरायचा. इथे पालाशावरून साडेएकसष्ट किलो येतं. त्यातून स्फुरद १६ मिळालं, ८ उरलं. ते सुपर फॉस्फेटमधून घ्यायचं : ८ भागिले ०.१६, बरोबर ५० किलो, एक गोणी. नत्र सहा किलो आलं, उरलेल्या ४२ साठी ९१ किलो युरिया. सुपर आणि युरिया एकत्र कालवून रात्रभर ठेवू नका. मिश्रण ओलं होऊन चिकटतं आणि पाभरीतून पडत नाही.

गुंठ्याचा आणि सातबाऱ्याचा हिशेब

शेत नेमकं एक एकर क्वचितच असतं. एकराचे ४० गुंठे, तेव्हा ३० गुंठ्यांना वरचे सगळे आकडे पाऊण : डीएपी ३९, पोटॅश २०, युरिया पेरणीला २४ आणि नंतर ३९ किलो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. ०.६० म्हणजे साठ आर, आणि एक आर जवळजवळ एका गुंठ्याएवढा, तेव्हा साठ गुंठे, दीड एकर. या ०.६० ला एकर समजून २४ गुंठ्यांचं खत आणणारेही मला भेटले आहेत. क्षेत्र आरमध्ये असेल तर एकर मधे आणूच नका, तक्ता हेक्टरचाच आहे. हेक्टरी आकड्याला थेट ०.६० नं गुणा, नत्र-स्फुरद-पालाश ७२:३६:२४ येईल, आणि तिथून डीएपीचा हिशेब सुरू करा.

फोनवरच्या शीटमध्ये करायचं असेल तर हेक्टरी नत्र, स्फुरद, पालाश आणि शेताचे गुंठे हे A2 ते D2 मध्ये लिहा आणि पुढच्या तीन घरांत ही सूत्रं. E2 मध्ये डीएपी, F2 मध्ये एकूण युरिया, G2 मध्ये पोटॅश येईल. ९८.८४ म्हणजे एका हेक्टरातले गुंठे.

```
E2: =B2*D2/98.84/0.46
F2: =(A2*D2/98.84-E2*0.18)/0.46
G2: =C2*D2/98.84/0.6
```

आकडे इंग्रजी अंकांत आणि प्रत्येक वेगळ्या घरात टाका. १०:२६:२६ असं एकाच घरात लिहिलं की शीट त्याला घड्याळातली वेळ समजते, दहा वाजून सव्वीस मिनिटं, आणि पुढचं उत्तर भलतंच येतं.

आलेलं उत्तर बरोबर आहे की नाही ते उलट मोजून पाहा. मी गटाच्या वहीत प्रत्येकाच्या नावासमोर हे लिहितो. ५२ डीएपी आणि ८४ युरिया : नत्र ९.४ अधिक ३८.६, झाले ४८. स्फुरद २४. २७ किलो पोटॅशमधून पालाश १६. तिन्ही आकडे अडीचनं गुणले की १२०:६०:४० परत दिसायला हवं. ते दिसलं नाही तर दुकानात जाऊ नका, फोटो पुन्हा उघडा.

तक्त्याचा आकडा साधारण, मध्यम सुपीक जमिनीसाठी असतो. मातीपरीक्षणात पालाश भरपूर निघालं असेल, जे काळ्या जमिनीत बऱ्याचदा निघतं, तर पोटॅशचा आकडा कृषी सहायकाला पत्रिका दाखवून कमी करून घ्या. तो बदल हेक्टरी आकड्यातच करायचा आणि मग सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून, डीएपीपासून. नानांनी यंदा तसंच केलं. वहीत त्यांच्या नावासमोर ३० गुंठे, डीएपी ३९, युरिया २४ आणि ३९ असं त्यांच्याच हातचं लिहिलेलं आहे. पोटॅशचं घर पत्रिका येईपर्यंत रिकामं ठेवलंय.